पडताळणीत १६८ पुस्तकं सापडली नाहीत, म्हणजे १६८ हरवली असं नाही

लायब्ररीतलं स्टॉक व्हेरिफिकेशन, म्हणजे पुस्तकांची पडताळणी, संपतं, कागदावर आकडा येतो की अमुक इतकी पुस्तकं सापडत नाहीत, आणि खरी गडबड तिथून सुरू होते. तो आकडा तसाच रिपोर्टमध्ये 'गहाळ' म्हणून वर जातो, वरून विचारणा होते की एवढी पुस्तकं गेली कुठे, आणि मग कुणाच्या तरी अंगावर ते शेकतं. मी हे स्वतः केलंय म्हणून सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दिलेल्या यादीत दोनशेच्या वर पुस्तकं होती आणि ठपका बसला तो लायब्ररीत वीस वर्षं काम केलेल्या आमच्या शिपाईमामांवर. पुढच्या महिनाभरात त्यातली निम्म्याहून जास्त लायब्ररीतच निघाली, पण मामांना जे बोललं गेलं ते काही परत घेता आलं नाही. तेव्हापासून मी 'सापडलं नाही' आणि 'हरवलं' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी कधीच वापरत नाही, आणि ह्या दोन शब्दांच्या मधे जे काम असतं तेच इथे नीट सांगायचा प्रयत्न करते.

आधी मुळातली गोष्ट. लायब्ररीत आलेल्या प्रत्येक पुस्तकाला ॲक्सेशन रजिस्टरमध्ये, म्हणजे दाखल नोंदवहीत, एक नंबर मिळतो. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती घेतल्या तर पाच नंबर. तो नंबर त्या प्रतीचा कायमचा असतो, प्रत फाटली, हरवली, बाद झाली तरी तो दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. त्यामुळे पडताळणी म्हणजे पुस्तकं मोजणं नव्हे. नुसती मोजून दहा हजार भरली तर त्यातून काहीच कळत नाही, कारण शंभर गेलेली असू शकतात आणि शंभर नोंद न झालेली देणगीची पुस्तकं मधे उभी असू शकतात. पडताळणी म्हणजे रजिस्टरमधला एकेक नंबर घेऊन 'तू आत्ता कुठे आहेस' हे विचारणं, आणि प्रत्येक नंबराला एकच उत्तर मिळालं पाहिजे: रॅकवर आहे, वाचकाकडे आहे, बाइंडिंगला गेलंय, एखाद्या विभागात किंवा वर्गात ठेवलंय, आधीच बाद झालंय, किंवा सापडत नाही. दोन उत्तरं मिळाली तरी गडबड आणि एकही नाही मिळालं तरी गडबड.

सुरुवात करताना एक तारीख ठरवायची आणि त्या तारखेला रजिस्टरमध्ये शेवटचा नंबर कोणता आहे त्याच्याखाली लाल रेघ मारून सही करायची. नवीन आलेली पण दाखल न केलेली पुस्तकं, नमुना प्रती, देणगीचे गठ्ठे हे सगळं वेगळ्या टेबलावर काढून ठेवायचं नाहीतर ते मधेच हातात येतं आणि गोंधळ उडतो. देवघेव तेवढे दिवस बंद ठेवता आली तर उत्तम, नाही आली तर परत आलेलं पुस्तक रॅकवर न लावता एका ट्रॉलीत जमा करायचं. आणि दोन-तीन दिवस आधी रॅक लावून घ्यायचे, वर्गांकाप्रमाणे, म्हणजे पुस्तकाच्या विषयाला दिलेल्या नंबराप्रमाणे, हे काम लोक वाचवायला बघतात पण इथे वाचवलेला एक दिवस पुढे शोधाशोधीत चार दिवस खातो.

मोजायची पद्धत म्हणाल तर छोट्या लायब्ररीत मला अजूनही आकड्यांच्या तक्त्याची पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. एका कागदावर शंभर चौकोन, पहिल्या कागदावर १ ते १००, दुसऱ्यावर १०१ ते २००, असं शेवटच्या नंबरापर्यंत. एकाने पुस्तक उघडून नंबर वाचायचा, दुसऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि चौकोनात खूण करायची. परत म्हणणं टाळू नका. आणि नंबर पाठीवरच्या लेबलवरून वाचायचा नाही, लेबलं पडतात, चुकीची चिकटवली जातात, तो मुखपृष्ठाच्या आतल्या मुख्य पानाच्या मागे असतो तिथून वाचायचा. ते पान फाटलेलं असेल तर गुप्त पान बघायचं, म्हणजे प्रत्येक लायब्ररीने आपलं ठरवलेलं एक पान असतं, समजा २५ वं, ज्यावर शिक्का आणि नंबर दोन्ही असतात. खूण थेट रजिस्टरमध्ये करू नका, रजिस्टर हा कायमचा दस्तऐवज आहे, दहा वर्षांच्या टिकमार्कांनी ते वाचता येत नाही असं झालेलं मी पाहिलंय. ज्याच्या ताब्यात पुस्तकं आहेत त्यानेच एकट्याने पडताळणी करून सही करू नये, बाहेरचा एक माणूस हवाच, दुसऱ्या विभागातला शिक्षक किंवा ऑफिसमधलं कुणीतरी. ह्यात ग्रंथपालावर अविश्वास काही नाही, उलट उद्या प्रश्न आला तर ग्रंथपालाचीच बाजू मजबूत राहते.

बारकोड असतील तर स्कॅनरने सगळे नंबर एका फाइलमध्ये घेता येतात आणि कोहासारख्या लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये इन्व्हेंटरीची सोय असते. तिथे एक सेटिंग बघून घ्या: स्कॅन केलेलं पुस्तक कुणाच्या नावावर इश्यू असेल तर ते आपोआप रिटर्न करायचं की नाही. ते नकळत चालू राहिलं तर कुणाच्या नावावरची पुस्तकं रॅकवर पडून होती ही माहितीच पुसली जाते, आणि ती माहिती आपल्याला पुढे हवी असते. सॉफ्टवेअर नसेल तर एक्सेलही पुरतं. पहिल्या कॉलममध्ये असायला हवेत ते नंबर, दुसऱ्यात सापडलेले नंबर, आणि तिसऱ्यात हे:

```
=COUNTIF(B:B,A2)
```

उत्तर शून्य आलं तर तो नंबर सापडला नाही, एक आलं तर ठीक, आणि दोन आलं तर थांबा, कारण एका नंबरची दोन पुस्तकं असू शकत नाहीत. दोनवाले नंबर वेगळे लिहून ठेवा, त्यांचं सोनं होतं ते पुढे सांगते.

आता एक हिशोब पूर्ण करून बघू. हा मी समजावण्यासाठी मांडलेला आहे, पण त्यातली प्रत्येक प्रकारची चूक खरोखर होते. समजा रजिस्टरमधला शेवटचा नंबर १२,४८० आहे. आतापर्यंत वेळोवेळी बाद केलेली १,१३६. म्हणजे आज असायला हवीत ११,३४४. रॅकवर खुणा झाल्या १०,२६८. विद्यार्थ्यांकडे ५१२, शिक्षकांकडे २८७, बाइंडिंगला ६४, विभागांमध्ये ४५, हे मिळून ९०८. बेरीज ११,१७६. राहिली १६८.

ह्यात विद्यार्थ्यांचा आकडा कसा आला ते बघा. नोंदीप्रमाणे त्यांच्या नावावर ५३५ होती, पण त्यातल्या २३ नंबरांवर रॅकवरचीही खूण झालेली होती. म्हणजे पुस्तक परत आलं, रॅकवर लागलं, पण रिटर्नची नोंद राहिली. ही २३ इश्यूमधून वजा करायची, आणि त्या विद्यार्थ्यांना दंडाची नोटीस गेली असेल तर ती ताबडतोब मागे घ्यायची. पोरं बिचारी सांगत असतात 'मॅडम मी पुस्तक दिलंय' आणि आपण स्क्रीनकडे बघून नाही म्हणत असतो.

तर १६८. आता हा आकडा घेऊन ऑफिसला जायचं नाही. आता खालचे थर एकेक करून काढायचे.

पहिला थर वाचनाच्या चुकांचा. ४३६७ नंबरचं पुस्तक हातात होतं पण ४६३७ वाचलं गेलं, तर ४६३७ वर दोनदा खूण आली आणि ४३६७ रिकामा राहिला. म्हणून दोनदा खूण झालेल्या प्रत्येक नंबरसाठी न सापडलेल्यांच्या यादीत त्याचा जुळा शोधायचा. हिशोबनीस लोकांची एक जुनी युक्ती इथे कामाला येते: आकड्यांची अदलाबदल झाली असेल तर दोन संख्यांमधला फरक ९ ने नेहमी भागला जातो. ४६३७ वजा ४३६७ म्हणजे २७०, नऊ त्रिक सत्तावीस. उलटं मात्र खरं नाही, फरक ९ ने भागला गेला म्हणजे अदलाबदलच झाली असं नाही, रॅकवर जाऊन पुस्तक बघायचंच. आणि मराठी लायब्रऱ्यांमध्ये ह्याहून मोठा घोळ आकड्यांच्या लिपीचा असतो. जुन्या पुस्तकांवर नंबर मराठीत, नव्यांवर इंग्रजीत. मराठी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा, आणि ७ कधीकधी इंग्रजी सहासारखा. एका नव्या मुलाने १४७ नंबरचं पुस्तक ९८६ म्हणून वाचलं तर त्याची काही चूक नाही, त्याने तो आकडा इंग्रजी समजून अगदी बरोबर वाचला. अशी चूक अदलाबदलीच्या युक्तीत सापडत नाही, त्यासाठी एक, चार, सात असलेले रिकामे नंबर वेगळे काढून त्यांच्या जागी नऊ, आठ, सहा घालून बघावं लागतं. आपल्या उदाहरणात ह्या थरात १९ सुटली. राहिली १४९.

दुसरा थर रजिस्टरचा स्वतःचा. इथे पुस्तक शोधायचंच नसतं, कागद शोधायचा असतो. मागच्या वर्षांची बाद पुस्तकांची मंजूर झालेली प्रत्येक यादी फाइलमधून काढा आणि तिच्यातला प्रत्येक नंबर रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात 'बाद' म्हणून लागलाय का ते बघा. मंजुरी मिळते, पुस्तकं रद्दीत जातात, फाइल बंद होते आणि रजिस्टरमध्ये शेरा मारायचं राहून जातं, हे इतकं होतं की मी पहिली तीच फाइल उघडते. आपल्या उदाहरणात असे ४४ नंबर निघाले. शिवाय रजिस्टर लिहिताना पान उलटताना कुणीतरी ७३९९ नंतर एकदम ७४१० लिहिलंय, मधले १० नंबर कधी कुठल्या पुस्तकाला दिलेच नाहीत. त्या १० नंबरांना रजिस्टरमध्ये 'नंबर वापरलेला नाही' असा शेरा, तारीख आणि सही. व्हाइटनर लावून क्रम दुरुस्त करायचा मोह होतो पण तो अजिबात करू नका. राहिली ९५. आणि लक्षात घ्या, ह्या ५४ मुळे 'असायला हवीत' हाच आकडा बदलला, ११,३४४ चा ११,२९० झाला. रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे आणि मधलं कारण लिहा, नाहीतर पुढच्या वर्षीचा माणूस वेडा होईल.

तिसरा थर म्हणजे प्रत्यक्ष शोध, आणि हा आंधळेपणाने करायचा नाही. न सापडलेली यादी नंबरप्रमाणे असते, ती वर्गांकाप्रमाणे लावून घ्या, मग एका रॅकपाशी उभं राहून त्या रॅकची सगळी पुस्तकं एकदम शोधता येतात. बघायच्या जागा ठरलेल्या असतात: रांगेच्या मागे पडलेलं, खालच्या फळीच्या मागच्या फटीत, मोठ्या पुस्तकाच्या आत सरकलेलं पातळ पुस्तक, शेजारच्या वर्गांकात, वाचनकक्षातल्या टेबलाचे खण. मुलं परीक्षेच्या आधी हवं असलेलं पुस्तक मुद्दाम भलत्याच रॅकमध्ये लपवून ठेवतात, गणिताचं पुस्तक कवितांच्या मागे, त्यामुळे मागणीतल्या पुस्तकांसाठी जरा लांबचे, कुणी न जाणारे कोपरे बघायचे. पडताळणी चालू असताना इश्यू काउंटरवरच्या ट्रॉलीत पडलेली पुस्तकं खुणेविना राहणं हेही नेहमीचं. ह्यात ३४ मिळाली. राहिली ६१.

चौथा थर जुन्या नोंदींचा. सॉफ्टवेअर येण्याआधीची कार्डं, शिक्षकांच्या नावाची रजिस्टरं, विभागाला एकगठ्ठा दिलेल्या पुस्तकांच्या पोचपावत्या. सॉफ्टवेअरमध्ये माहिती भरताना जुनी येणी बऱ्याचदा भरलीच जात नाहीत. इथे १४ पुस्तकांचा माग लागला, बहुतेक शिक्षकांच्या जुन्या कार्डांवर. ती 'गहाळ' मधून निघून 'शिक्षकांकडे' मध्ये जातात, हातात आलेली नसली तरी, कारण त्यांचा जबाबदार माणूस आता माहीत आहे. माणूस निवृत्त झाला असेल तर एक साधं पत्र किंवा फोन, 'सर, घरी बघाल का एकदा', त्यावर अर्धी पुस्तकं येतात असा माझा अनुभव आहे.

राहिली ४७. ताळा करून बघा: रॅकवर १०,२६८ अधिक १९ अधिक ३४ म्हणजे १०,३२१. बाहेर ९०८ अधिक १४ म्हणजे ९२२. दोन्ही मिळून ११,२४३. ११,२९० मधून गेले ४७. जुळलं. आता हे ४७ नंबर खरोखर 'सापडत नाहीत', आणि १६८ ते ४७ ह्या प्रवासात एकही पुस्तक विकत घ्यावं लागलं नाही की कुणाकडून भरपाई घ्यावी लागली नाही.

आता पुढचा प्रश्न, ४७ हे जास्त आहेत का? केंद्र सरकारच्या जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ मधल्या नियम २१५ मध्ये ह्याचं माप दिलंय. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, राज्याच्या आणि खासगी संस्थांना त्यांचे स्वतःचे नियम लागू होतात, ते आधी बघा, पण मोजपट्टी म्हणून हे माप खूप ठिकाणी वापरतात. त्याप्रमाणे २०,००० पर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी संपूर्ण पडताळणी, २०,००० ते ५०,००० असतील तर तीन वर्षांतून किमान एकदा, आणि त्याच्या वर असतील तर जास्तीत जास्त तीन वर्षांच्या अंतराने नमुना पडताळणी, आणि नमुन्यात विचित्र तूट दिसली तर मग संपूर्ण. आणि तुटीचं माप: वर्षभरात इश्यू झालेल्या किंवा वाचायला घेतलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच.

हे वाक्य लोक सर्रास चुकीचं वाचतात. हजारामागे पाच हे लायब्ररीत असलेल्या पुस्तकांवर नाही, वापरलेल्या पुस्तकांवर आहे. आपल्या उदाहरणात साठ्यावर काढलं तर ११,२९० ला ५६ येतात आणि ४७ आरामात बसतात. पण समजा वर्षभरात इश्यू आणि वाचनकक्षातला वापर मिळून ८,६०० आहे, तर मर्यादा येते ४३, आणि ४७ बाहेर जातात. ह्याला अर्थ आहे. कुलूपबंद कपाटात पडून राहिलेल्या पुस्तकांच्या जोरावर तूट माफ व्हावी असं कुणाला वाटेल? पुस्तकं हाताळली गेली तर थोडी जाणार, म्हणून सूट हाताळणीवर. म्हणूनच वाचनकक्षात काढून वाचलेल्या पुस्तकांची रोजची नोंद ठेवणं कामाचं असतं, टेबलावर राहिलेली पुस्तकं परत लावण्याआधी मोजून एका वहीत आकडा टाकला तरी पुरतं.

मग ४७ चं काय? मागच्या वर्षीची न सापडलेली यादी काढा. आपल्या ४७ पैकी ९ त्या यादीतही आहेत, म्हणजे ती ह्या वर्षी गेलेली नाहीत, त्यांचा निर्णय राहिला होता. ह्या वर्षीची नवी तूट ३८, आणि ती ४३ च्या आत आहे. हे दोन आकडे रिपोर्टमध्ये वेगळे लिहा. पण आत आहे म्हणून सगळं माफ असंही नाही. त्याच नियमात आहे की तूट अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी, आणि १,००० रुपयांहून जास्त किमतीचं पुस्तक किंवा दुर्मिळ पुस्तक, मग ते कितीही किमतीचं असो, गेलं तर चौकशी करायचीच. म्हणून ३८ मध्ये अशी कोणती आहेत ते वेगळं काढा. आणि यादी एकदा वर्गांकावर डोळे फिरवून बघा. ३८ पुस्तकं सगळीकडे विखुरलेली असतील तर ती नेहमीची झीज. पण त्यातली १५ एकाच विषयाची असतील, किंवा एकाच दाराजवळच्या रॅकची, तर तिथे काहीतरी चाललंय आणि त्या रॅकची जागा किंवा तिथली देखरेख बदलायला हवी.

न सापडलेली पुस्तकं त्याच वर्षी घाईने निर्लेखित करू नयेत, म्हणजे हिशोबातून कायमची काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे. एक पूर्ण वर्ष ती 'सापडत नाही' यादीत ठेवा, पुढच्या पडताळणीत काही हमखास उगवतात. दुसऱ्या वर्षीही नाही मिळाली तर लायब्ररी समितीपुढे ठेवा. ती ९ आता त्या टप्प्यावर आहेत.

वाचकाने स्वतः येऊन 'हरवलं' सांगितलं तर गोष्ट वेगळी, तिथे भरपाई होते. तेच पुस्तक आणून दिलं, त्याच किंवा नंतरच्या आवृत्तीचं, तर त्याला जुना नंबर द्यायचा की नवा ह्यावर वाद असतो. मी नवा देते. जुन्या नंबरासमोर रजिस्टरमध्ये किंमत, वर्ष, बिल नंबर सगळं जुन्या प्रतीचं लिहिलेलं आहे आणि नवी प्रत तशी नाही. म्हणून जुन्या नंबरासमोर शेरा 'वाचकाकडून बदली प्रत, नवा नंबर अमुक' आणि नव्यासमोर जुन्याचा उल्लेख, दोन्ही बाजूंनी दुवा. पैसे घेतले तर आजच्या किमतीने, कारण रजिस्टरमधल्या वीस वर्षांपूर्वीच्या किमतीत आज तेच पुस्तक येत नाही, मात्र हा नियम आधी लिहून, मंजूर करून लावलेला पाहिजे.

खराब पुस्तकांचा विषय ह्या सगळ्यापासून वेगळा ठेवा. ती सापडलेली आहेत, त्यांना खूण झालेली आहे, ती तुटीत येत नाहीत. दोन याद्या एकत्र केल्या की समितीला काहीच नीट कळत नाही. मोजतानाच खराब पुस्तकात एक कागदी पट्टी घालत जायचं आणि रॅक संपला की ती बाहेर काढायची. मग टेबलावर एकेक हातात घेऊन ठरवायचं. शिवण सुटली, कव्हर निघालं पण पानं सगळी आहेत, तर बाइंडिंग. बाइंडिंगला पाठवण्याआधी पानाच्या कोपऱ्याची लहानशी घडी दोन-तीनदा पुढेमागे करून बघा, कोपरा तुटून हातात आला तर कागद इतका ठिसूळ झालाय की नवी शिवण तो धरणार नाही, पैसे वाया जातील. पानं कापलेली वाटत असतील तर रजिस्टरमध्ये पानांची संख्या लिहिलेली असते ती ताडून बघा, पुस्तक जाड दिसतं म्हणून पूर्ण असेल असं समजू नका. एकच प्रत असेल आणि बाजारात मिळत नसेल तर दुसऱ्या लायब्ररीतल्या प्रतीवरून गेलेल्या पानांची झेरॉक्स घेऊन बांधून घेता येते, आणि ते करावं. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडतो, कागदात उतरतो आणि अक्षरांवर डाग राहतो, पातळ कागद आणि खळ हेच बरं. बुरशी किंवा वाळवी दिसली तर ते पुस्तक लगेच पिशवीत घालून बाकीच्यांपासून दूर, आणि त्याच्या शेजारची दहा-बारा पुस्तकं आणि मागची भिंत लगेच बघा, कारण वाळवी पुस्तकात जन्मत नाही, ती कुठूनतरी वाट काढून येते.

ज्यांचं काहीच होणार नाही ती निर्लेखनाच्या यादीत. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या: ही लायब्ररीतली शेवटची प्रत आहे का, आणि त्या विषयाच्या शिक्षकांनी ती पाहिलीये का. अभ्यासक्रम बदलला म्हणून जुनं झालेलं पुस्तक आणि फाटलेलं पुस्तक ह्यांची कारणं वेगळी लिहा. यादीत नंबर, नाव, लेखक, रजिस्टरमधली किंमत आणि कारण एवढं पाहिजे, खाली किमतींची बेरीज, कारण तेवढी रक्कम हिशोब विभागाला साठ्यातून कमी करायची असते आणि त्यांना ती कळवली नाही तर लायब्ररीचा आणि ऑफिसचा आकडा कायमचा वेगळा होतो. मंजुरी आली की त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लाल शाईने शेरा, ठराव नंबर आणि तारखेसह. आणि पुस्तक बाहेर जाण्याआधी मुख्य पानावर आणि गुप्त पानावर दोन्हीकडे 'बाद' चा शिक्का. तो नसेल तर तेच पुस्तक रद्दीतून कुणाच्यातरी हाती लागतं, कुणी भला माणूस आपल्या लायब्ररीचा शिक्का बघून ते प्रामाणिकपणे परत आणून देतो, ते पुन्हा रॅकवर लागतं, आणि पुढच्या पडताळणीत बाद झालेल्या नंबरावर खूण येते.

तशी खूण आलीच, किंवा गहाळ म्हणून निर्लेखित केलेलं पुस्तक खरंच कुठूनतरी परत आलं, तर त्याला नवं पुस्तक म्हणून दाखल करू नका. जुनाच नंबर, शेऱ्याच्या रकान्यात आधीच्या नोंदीखाली 'अमुक तारखेला सापडले, पुन्हा साठ्यात', सही, आणि हिशोब विभागाला एक चिठ्ठी की त्या पुस्तकाची किंमत परत जोडा.